वय एक, मुक्काम वेगळे

शालेय वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्यात एक गृहस्थ भाषणास उभे राहिले. ते म्हणाले, "आपण सारे साठीचे, परंतु खातेवह्या निराळ्या. नोकरदार निवृत्त झाला. पेढीवर बसणाऱ्याला निवृत्तीची तारीखच नसते. एकाच्या मांडीवर नातू खेळतो. उशिरा विवाह झालेल्या दुसऱ्याची कन्या यंदा बारावी झाली. तिच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून त्याची सही आहे. अभियांत्रिकीची चार वर्षे व पुढील एक वर्षाची सवलत धरली, तर हप्ते सुरू होतील तेव्हा तो पासष्ट वर्षांचा असेल. त्याला 'आता आरामच ना?' असे विचारू नये. 'मुलीचा प्रवेश कोठे झाला?' असे विचारावे." सभागृह क्षणभर स्तब्ध झाले. मागल्या रांगेतून उत्तर आले, "पुण्याला."