इतर हक्क

आमच्या अठरा गुंठ्यांना गावात कुणी जमीन म्हणत नाही. ‘वरचे चार कुणगे’ म्हणतात. कणकवलीपासून आत, गड नदीला मिळणाऱ्या एका व्हाळाच्या कडेला, उतरणीवर एकाखाली एक बसलेले भाताचे चार तुकडे. वर्ष बरं गेलं तर सहा-सात पोती भात. बाकीच्या दिवसांत गवत, टिटव्या आणि कुर्ल्या. एवढ्याशा जागेवरून माझे वडील आणि आते दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांपैकी एकालाही ती जमीन स्वतःसाठी नको होती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं सगळं नेहमीच्या भाऊबंदकीसारखं वाटेल.

आजोबा मुंबईत गिरणीत साच्यावर होते. बोनस साठवून त्यांनी १९६२ साली ही जागा विकत घेतली, तेव्हा ती नुसती भरड होती. घेणारा मुंबईला परत गेला आणि जमीन आजीच्या आणि दहा वर्षांच्या आतेच्या पदरात पडली. उतार कापायचा, कापलेली माती खालच्या अंगाला ओढायची, कडेने दगड रचून मेर उभी करायची, असं दोघींनी चार उन्हाळे केलं. दर उन्हाळ्याला एक कुणगा. आतेची शाळा चौथीनंतर सुटली ती त्याच पाटीखाली. वडील तिच्याहून सात वर्षांनी लहान. ते मेरेवर फडक्यात निजलेले असायचे, पुढे शाळेत गेले, मास्तर झाले.

मेर बांधून भागत नाही, हे मी फार उशिरा शिकलो. दर पावसाळ्यात लावणीआधी ती खरवडून पुन्हा चिखलाने लिंपावी लागते, कारण वर्षभरात कुर्ल्यांनी तिला पोखरलेलं असतं. बीळ बाहेरून दिसत नाही. रात्री भरलेला कुणगा सकाळी चार बोटं उतरलेला दिसला, की खालच्या कुणग्याच्या दरडीवर ओला डाग शोधायचा, आणि डागाच्या सरळ वर, पाण्याखाली पाय फिरवत जायचं. टाच अचानक खाली जाते तिथे भोक. आते हे न बघता करायची. लग्न होऊन पलीकडच्या गावी गेल्यावरही कितीतरी वर्षं ती लावणीला दोन दिवस यायची आणि पहिल्यांदा मेरेवरून चालत जायची, अनवाणी, गप्प, घरातल्या आजाऱ्याच्या अंगावरून हात फिरवावा तशी.

आजोबा १९८६ साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे फेरफार झाला तो असा: सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून वडिलांचं नाव, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजी आणि आते उजवीकडच्या रकान्यात. त्या रकान्याचं शीर्षक ‘इतर हक्क’. बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा, कुळाचं नाव जिथे लिहितात, तिथेच घरातल्या बायका. यात कुणाचं कपट नव्हतं. तलाठी तसंच लिहीत, लोक तसंच समजत.

निवृत्तीनंतर वडिलांना कागद वाचायचा नाद लागला. त्यातून त्यांना जे कळलं त्याने ते बरेच दिवस झोपले नाहीत. बहिणीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, असं ते इतरांसारखंच समजत होते. पण ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीची. आपल्या राज्याने तसा बदल १९९४ सालीच, काही अटींसह, केला होता. ही जमीन आजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली. अशा मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस १९५६ पासूनच आहे. म्हणजे आजोबांचा श्वास थांबला त्या क्षणी आजी, वडील आणि आते यांचा तिसरा-तिसरा हिस्सा झाला होता. १९९९ साली आजी गेल्यावर निम्मा-निम्मा. सातबारा काही म्हणो. सातबाऱ्यावरचं नाव महसुलापुरतं, त्याने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. “म्हणजे तेहतीस वर्षं मी तिच्या भाताचं जेवतोय,” ते मला म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही दरवर्षी तिला नव्या तांदळाची पायली पाठवता की.” ते म्हणाले, “मालकाला कुणी पायली पाठवतं का?”

त्यांनी अर्ज केला: ‘ए.कु.मॅ.’ कमी करून दोघांची नावं भोगवटादार म्हणून एकाखाली एक लावावीत. आतेला सांगितलं नाही. त्यांच्या मनात होतं की गणपतीला ती आली की नवा उतारा तिच्या हातात ठेवायचा. पण कुठलाही फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस जाते, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. पोस्टमनने आतेच्या हातात सरकारी पाकीट ठेवलं. नातवाने ते तिला वाचून दाखवलं: भावाचं नाव अर्जदार, खाली तिचं नाव, आणि ‘हरकत असल्यास’.

तिने हरकत घेतली. स्वतःचं नाव जमिनीला लागू नये म्हणून.

त्या रात्रीच्या फोनवर मी दोन्ही बाजूंच्या मधे होतो. “बाय, तुझाच आसा ता,” वडील म्हणत होते, “मी काय देणारो कोण?”

“तू हिसो दिलंस की हिशेब मिटलो,” पलीकडून आते. “मगे मी खंयच्या तोंडान येव?”

हे वाक्य मला त्या वेळी भावनेचं वाटलं. आता वाटतं, त्यात चोख व्यवहार होता. तिला तीन मुलगे. धाकट्याच्या डोक्यावर कर्ज, मधल्याला प्लॉट पाडायची हौस. आज तिचं नाव लागलं, तर उद्या तिच्या मागे तिघांची लागणार, आणि माझ्यासोबत ते सहहिस्सेदार होणार. भाताच्या जिरायत जमिनीचा वीस गुंठ्यांहून लहान तुकडा पाडायला तुकडेबंदीचा कायदा मज्जाव करतो. आमच्याकडे अख्खी जमीनच अठरा. म्हणजे वाटप होणार नाही, सामाईकच राहणार, आणि चार आते-मामे तोंडं त्या चार कुणग्यांवर एकमेकांकडे बघत बसणार. हे सगळं तिने चौथीच्या शिक्षणावर ओळखलं होतं. उलट वडिलांना नेमकी माझी भीती होती. ते तोंडावर म्हणाले नाहीत, पण एकदा म्हणाले, “कागदावर तिचं नाव असलं तर विकताना कुणाला तरी तिच्या दारात जावं लागेल.” कुणाला, ते मला कळलं. आणि खरं सांगायचं तर, आतेची हरकत ऐकून माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात जरा बरंच वाटलं होतं. त्या कोपऱ्याकडे मी अजून नीट पाहिलेलं नाही.

हरकत आली की नोंद तक्रारीची होते आणि मंडल अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागते. तारखेला आम्ही गेलो तेव्हा आते आधीच व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली होती, नऊवारी, हातात पिशवी. वडील तिच्या शेजारी बसू गेले तर ती थोडी सरकली. ते जागा देणं होतं की दूर होणं, मला आजही ठरवता येत नाही. शिपायाने हाक दिली, “अर्जदार! हरकतदार!” आणि एकाच मेरेवर वाढलेली दोन म्हातारी माणसं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहिली.

अधिकारी तरुण होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. “आजी, तुमचं म्हणणं, भावाने तुमचं नाव लावू नये?”

“होय.”

“आणि मास्तर, तुम्हाला लावायचंच आहे?”

“होय.”

त्यांनी चष्मा काढला. “माझ्याकडे येतात ते सगळे दुसऱ्याचं नाव काढायला येतात,” ते म्हणाले, आणि मग हसू आवरून त्यांनी समजावलं. वारस असणं ही कुणाच्या इच्छेची गोष्ट नाही. नको म्हटल्याने वारस वारस राहत नाही असं होत नाही. नाव आधी लागणार. नंतर हिस्सा नको असेल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन भावाच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवायचं. मोबदला न घेता केलं तर मुद्रांक नाममात्र. पण ते नोंदवलंच पाहिजे. तलाठ्यापुढे दिलेला जबाब, साध्या कागदावरची सही, अंगठा, याने हिस्सा सुटत नाही. “लोक तिथेच चुकतात,” ते म्हणाले, “आणि वीस वर्षांनी नातवंडं इथे येतात.”

“मगे आजच सोडतंय,” आते म्हणाली.

“तू सोडलंस तर मी घेणार नाही,” वडील म्हणाले, शाळेतल्या मराठीत. ते रागावले की मालवणी सोडतात.

आते उठून गेली. त्या वर्षी दसऱ्याला नव्या तांदळाची पायली एसटीने पाठवली, ती दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने परत आली, पिशवीची गाठ न सुटलेली. आईने ते तांदूळ वेगळ्या डब्यात ठेवले. कुणी शिजवले नाहीत. मार्चमध्ये त्यांना पोरकिडे लागले.

दोन गणपती असे गेले. वडील संध्याकाळी कुणग्यांवर जायचे आणि मेरेवर बसून राहायचे. नोंद मंजूर झाली होती, दोन्ही नावं लागली होती, आणि जिंकल्याचं त्यांना काहीच करता येत नव्हतं. मेर मात्र माणूस लावून बांधली जायची, आणि तो माणूस डाग शोधत नसे, सरसकट चिखल थापत असे. दुसऱ्या वर्षी श्रावणात तिसऱ्या कुणग्याची मेर हातभर फुटली आणि गाळ खालच्या लावणीवर बसला.

हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ती आली. घरात न येता थेट वर गेली. आम्ही पोचलो तेव्हा ती फुटलेल्या तोंडाशी उभी होती, साडीचा काचा वर खोचून, आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, “दगड आतल्या आंगान लावक होयो. हो कोणी बांधल्यान?” वडील चप्पल काढून खाली उतरले. तासभर दोघं दगड आणि चिखल यांपलीकडे एक शब्द बोलली नाहीत. मी दगड आणून देत होतो.

चहाच्या वेळी वडिलांनी कपाटातून उतारा आणला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो माझ्याकडे दिला. “वाच.”

मी वाचलं. वडिलांचं नाव. त्याखाली तिचं, आधारकार्डाप्रमाणे: सासरी लग्नात ठेवलेलं देवीचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव.

“आणि पयलो कागद?”

जुना उतारा आईच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीत होता. तोही आणून वाचला. इतर हक्क, आणि त्यात, तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात, तिचं माहेरचं नाव. फुलाचं. वडील सोडून त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि तेही ‘बाय’च म्हणतात.

आतेने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. वाचता येत नसल्यासारखं जुन्यावरच्या त्या एका शब्दावर बोट फिरवलं. चिखल अजून नखात होता, कागदावर थोडा लागला.

“हंय मी होतंय,” ती म्हणाली. मग नव्या उताऱ्याकडे हनुवटीने दाखवत वडिलांना विचारलं, “आणि ही कोण रे, बाबू?”