कन्नमवार नगरातले खोक्यातील वाचनालय

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही विक्रोळी स्थानकाच्या पूर्वेला उतरलो आणि महामार्ग ओलांडून कन्नमवार नगरात गेलो. तेथे म्हाडाच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या आपल्या घरी, एक ताई मुलांसाठी वाचनालय चालवितात. पलंगाशेजारी लोखंडी मांडणी, तीवर शंभरेक पुस्तके आणि दाराजवळ बुटांचे रिकामे खोके. सभासद मुले 30, वर्गणी महिना 20 रुपये.

आम्ही पेशाने कारकून. आमचे लक्ष आधी नोंदींकडे गेले. ताई म्हणाल्या, "पूर्वी वहीत तारखेप्रमाणे लिहायची. पण एखादे पुस्तक कोणाकडे आहे ते शोधायला सगळी पाने चाळावी लागत."

आता प्रत्येक पुस्तकात एक कार्ड असते आणि प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पाकीट. पुस्तक नेताना कार्डावर मुलाचा क्रमांक व तारीख लिहायची, कार्ड त्याच्या पाकिटात घालायचे आणि पाकीट खोक्यात परतीच्या रविवारच्या पुठ्ठ्यामागे ठेवायचे. पुस्तक परत आले की कार्ड पुन्हा पुस्तकात. संध्याकाळी त्या रविवारच्या पुठ्ठ्यामागे जी पाकिटे उरतील, ती थकबाकी.

आम्ही गेलो त्या दिवशी एक पाकीट तीन आठवडे मागे पडले होते. चौथीतली मुलगी. ताई तिच्या घरी गेल्या, तेव्हा कळले की धाकट्या भावाने पान फाडले होते आणि भरपाईच्या भीतीने तिने येणेच सोडले होते. ताईंनी खळ लावून पान चिकटविले. त्या अनामत घेत नाहीत. पुस्तक हरवले तर निम्मी किंमत, तीही हप्त्याने.

कार्ड खरेदीच्या वेळीही कामी येते. कोणीतरी भेट दिलेल्या जाड, बारीक टायपाच्या गोष्टींच्या पुस्तकाच्या कार्डावर वर्षात दोनच नोंदी होत्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतले एक पातळ चित्रमय पुस्तक मात्र 24 वेळा गेले होते. ते नेणाऱ्यांत सातवीची मुलेही होती! वाचन कच्चे राहिलेल्या मुलाला "पहिली-दुसरीसाठी" अशी पाटी लाजविते, म्हणून ताईंनी इयत्तेच्या पाट्या काढून पुस्तके अक्षरांच्या आकाराप्रमाणे लावली. नवे पुस्तक घेण्याआधी त्या एका मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घेतात. पाचाहून अधिक शब्दांना तो अडखळला, तर ते पुस्तक त्याच्यासाठी अजून जड आहे असे समजतात.

त्या महिन्यात 26 मुलांचे 520 रुपये आले. 120 रुपये प्लास्टिक, डिंक व कार्डांना गेले. उरलेल्या 400 रुपयांत प्रत्येकी 80 ची पाच पुस्तके आली. चौघांच्या घरी अडचण होती, त्यांची वर्गणी माफ. ती नोंद मात्र ताईंच्या कपाटातल्या वहीत असते. खोक्यातली तीसही पाकिटे सारखीच दिसतात.

निघताना आम्ही त्या मुलीचे पाकीट पाहिले. ते पुढच्या रविवारच्या पुठ्ठ्यामागे होते, आत नव्या पुस्तकाचे कार्ड होते.