बहात्तर टक्क्यांचा हिशेब

कुंभवली

प्रिय पालक,


सातवीच्या प्रगतिपत्रकावरची वार्षिक टक्केवारी पेपरातल्या गुणांशी जुळत नाही, ही आपली शंका रास्त आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात सातवीला प्रत्येक सत्रात आकारिक मूल्यमापनाला 40 आणि संकलितला 60 गुण असतात. त्या 60 पैकी 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि 50 लेखी पेपराचे. म्हणजे पेपर हा सत्राचा निम्माच भाग. समजा, गणितात पहिल्या सत्रात आकारिक 33, तोंडी 8 आणि लेखी 26 मिळाले, तर बेरीज 67. दुसऱ्या सत्रात 35, 8 आणि 34 मिळून 77. दोन्ही सत्रे सारख्या वजनाची धरून 200 पैकी 144, म्हणजे 72 टक्के, श्रेणी ब-1. घरी हिशेब करताना प्रत्येक भागाचे टक्के काढून त्यांची सरासरी घेतली, तर पहिल्या सत्राचे 67 ऐवजी साडेएकाहत्तर येतात, कारण तोंडीचे 10 गुण पेपराच्या 50 गुणांच्या बरोबरीला बसतात. म्हणून आधी गुण मिळवायचे, टक्के शेवटी काढायचे.

यावर आपण म्हणाल, आकारिकचे गुण सढळ हाताने दिलेले असतात, त्यामुळे टक्केवारी फुगते. काही अंशी ते खरे आहे. वह्या, प्रकल्प, उपक्रम यांत वर्गातली बहुतेक मुले 30 ते 37 च्या दरम्यान असतील आणि पेपरात 12 पासून 46 पर्यंत, तर आकारिकने सगळ्यांचीच टक्केवारी वर उचलली. मुलामुलांत फरक पाडला तो पेपरानेच. कागदावर 40 गुणांचे वजन असले, तरी जिथे गुण एकमेकांच्या जवळ असतात तिथे ते वजन प्रत्यक्षात फारसे उरत नाही. मला वाटते, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. वर्षभर रोजचे काम नियमित करणारे मूल 72 पर्यंत पोहोचते, आणि तरी पहिल्या सत्राच्या पेपरात ते 50 पैकी 26 वरच असते. एकच आकडा पाहिला तर ही गोष्ट झाकली जाते.

दुसऱ्या सत्रात मुलाने प्रगती केली, मग त्या सत्राला जास्त वजन का नाही, असेही विचारले जाते. 40:60 असे वजन दिले तर वरच्या उदाहरणात 72 चे 73 होतात, एवढाच फरक. शिवाय दुसऱ्या सत्राच्या पेपरात मुख्यतः त्याच सत्रातले पाठ असतात. पहिल्या सत्रातले कच्चे राहिलेले प्रकरण दुसऱ्या सत्राच्या गुणांनी पक्के होत नाही. पहिल्या सत्राचे वजन कमी केले, तर ते प्रकरण फक्त प्रगतिपत्रकातून नाहीसे होईल आणि आठवीत पुढे उभे राहील.

तेव्हा सही करण्यापूर्वी दोन्ही सत्रांचे लेखीचे रकाने शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. लेखी 25 च्या खाली आणि आकारिक 33 च्या वर असेल, तर उत्तरपत्रिका पाहायला जरूर या. आपली कारखान्यात पहिली पाळी असेल, तर शनिवारी या. कोणत्या प्रश्नाचे किती गुण गेले, ते आपण एकत्र बसून पाहू.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी