दहा रुपयांची पुडी

पुतणीच्या लग्नाला तीन आठवडे होते. लिंबायतच्या आमच्या पार्लरमधल्या मुलीला मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "बेटा, केस रंगवायचेत. ब्राऊन. किती घेशील?" तिचं उत्तर आलं, "काकू, कोणता ब्राऊन? आणि आजवर केसांना काय काय लावलं, ते सगळं लिहा."

सगळं! सासूबाईंनीसुद्धा कधी एवढी चौकशी केली नव्हती.

मग नीट लिहायला बसले. केस चौदा इंच, कपाळापाशी निम्मे पांढरे. रंग गडद तपकिरी, उन्हात गेल्यावरच कळेल इतपत, लाल झाक नको. खर्च दोन हजारांच्या आत, आणि त्यात धुणं-वाळवणंही आलं. फोटो तेल न लावता, खिडकीपाशी, पुढून-मागून काढले. आणि शेवटी 'आधी काय लावलं' याच्यापुढे लिहिलं: मेंदी.

"कुठली मेंदी?" तिनं विचारलं. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणून माझ्या टोकांवर सव्वादोन वर्षांपूर्वीचा रंगसुद्धा बसलेला असणार, असं तिनं समजावलं. काळ्या रंगावर तपकिरी लावून केस उजळत नाहीत. त्यासाठी जुना रंग आधी काढावा लागतो, त्यात केस कोरडे पडतात आणि दोन हजारांत ते बसत नाही.

आता खरं सांगणं भाग होतं. मेंदी म्हणजे दहा रुपयांची काळ्या मेंदीची पुडी, दर महिन्याला, दार लावून. यांनाही ठाऊक नव्हतं. नुसत्या मेंदीनं पांढरे केस तांबूस होतात, काळे होत नाहीत. काळेपणा बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो, आणि पक्क्या रंगांच्या पुष्कळ डब्यांतही तेच असतं.

आणखी एक गोष्ट उरली होती. ती लिहायला दोन दिवस लागले. गेल्या दिवाळीत पुडी लावल्यावर कानामागे आग झाली, सकाळी पापण्या सुजल्या. मी दोष फराळाला दिला आणि महिन्याभरानं पुन्हा तीच पुडी आणली.

या वेळी तिनं लिहिलं नाही, फोनच केला. "काकू, रंग नाही. कानामागे थेंब लावून अठ्ठेचाळीस तास बघतात, तेसुद्धा तुमच्यावर मी करणार नाही. आधी चामडीच्या डॉक्टरांकडे जा. अशी सूज पुढच्या वेळी जास्त येऊ शकते."

मी म्हटलं, "अगं, पण लग्न?"

"रंगलेली टोकं कापून खांद्यापर्यंत केस करू. साडेतीनशे रुपये."

डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. निघालं पीपीडीच. लग्नात जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई, केस एवढे का कापलेस?" कपाळाशी बोटभर पांढरी पट्टी होती, ती त्यांना दिसली असणारच. पुडीचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "कुठल्या कंपनीची गं?"