फाल्गुनरावांचं इंग्रजी नाव

सांगली,
फाल्गुन वद्य पंचमी

चि. मीनूस,


तू केलेलं ‘संशयकल्लोळ’चं इंग्रजी भाषांतर मिळालं. दोन रात्री बसून सगळं वाचलं, आणि काल दुपारी मूळ नाटक शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. तू लिहितेस की तिकडच्या वाचनाला तसबिरीच्या प्रवेशात लोक पोट धरून हसले, पण आपल्या घरी ज्या जागांवर हमखास हशा पिकायचा तिथं सगळे नुसते ऐकत राहिले. “आत्या, माझं इंग्रजी कमी पडलं का?” असं तू विचारलंस. तुझं इंग्रजी कमी पडलेलं नाही. लोक कुठं हसले आणि कुठं गप्प राहिले याची तू केलेली खूण मात्र फार मोलाची आहे. उत्तर त्या खुणांतच आहे.

आधी हसले तिथलं पाहू. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरायला जातात आणि नेमकं ते कृत्तिकेच्या नजरेस पडतं. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती हातात असताना फाल्गुनराव तिला पाहतात. आता नवऱ्याला बायकोचा संशय आणि बायकोला नवऱ्याचा. यातलं हसू डोळ्यांना दिसतं, त्याला भाषा लागत नाही. म्हणून तर ते इतक्या लांबून आलं. मोलिएरनं १६६० मध्ये हा घोटाळा फ्रेंचमध्ये रंगवला. त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिलं. मर्फीवरून आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी नाटक केलं. आधी ते गद्य होतं. १९१६ मध्ये पदांसकट ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, तेव्हा गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले आणि बालगंधर्व रेवती. तीन भाषांतून फिरलेली तसबीर पुन्हा इंग्रजीत जाताना फुटेल कशाला?

फुटलं ते देवलांनी स्वतः घातलेलं. त्यातलं सर्वांत मोठं म्हणजे नावं. मर्फीच्या नाटकात संशयी नवऱ्याचं नाव सर जॉन रेस्टलेस आहे. स्वभाव सरळ आडनावातच सांगितलेला. देवलांनी त्याचा ‘अस्वस्थराव’ केला नाही. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं आणि पुरुषांना महिने वाटले, बायकांना नक्षत्रं. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या हे झाले पुरुष. कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी, स्वाती या बायका.

आता हे नाव मराठी कानात काय काय करतं ते बघ. ‘फाल्गुन’ हा शब्द संस्कृत, भारदस्त, वर ‘राव’ लावलेला. पण फाल्गुन म्हणजे शिमगा, आणि घरात ‘शिमगा झाला’ म्हणजे काय झालं हे आपल्याकडं पोरालाही कळतं. गृहस्थानं रंगमंचावर पाऊल टाकायच्या आत प्रेक्षकाला त्याची प्रतिष्ठाही कळली आणि त्याच्या घरची बोंबही ऐकू आली. चाकराच्या वाट्याला मात्र ना ‘राव’ ना ‘शेठ’. भाद्रपदाचा घरगुती भादवा आणि त्याचा ‘भादव्या’. राव, शेठ आणि नुसता ‘या’, एवढ्यात समाजाच्या तीन पायऱ्या उभ्या राहिल्या. शिवाय तो उच्चार एका सुप्रसिद्ध शिवीच्या इतका जवळचा आहे की मालकानं संतापून हाक मारली की काही न बोलता हशा येतो. आमच्या हौशी प्रयोगात मी कृत्तिका होते, तेव्हा विंगेत उभं राहून मी हे रोज ऐकलं आहे.

पंचांग जाणणाऱ्याला आणखीही गंमत मिळते. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून महिन्याला नाव पडतं. म्हणजे कृत्तिका ही कार्तिकाची, आणि इथं ती नांदते फाल्गुनाच्या घरी! बायको मनानं दुसऱ्याची असेल, या संशयानं झुरणाऱ्या माणसाच्या घरात हे नक्षत्र. अश्विनशेठच्या नावात अश्विनी आहे, सत्तावीस नक्षत्रांतली पहिली, आणि तिच्या अगदी शेजारची, शेवटची, ती त्याची रेवती. हे जुळवून ठेवलेलं असो वा सहज जमलेलं, पंचांग उघडून नवस आणि मुहूर्त ठरवणाऱ्या प्रेक्षकाच्या कानात ते वाजत होतं.

तू नावं आहेत तशी ठेवलीस आणि पानाखाली टीप दिलीस. टीप अचूक आहे. पण हसू आलं नाही, कारण कोटीला दोन्ही अर्थ एकाच क्षणी कानावर पडावे लागतात. एक अर्थ आत्ता आणि दुसरा दोन ओळींनंतर समजावून सांगितला, की कळतं सगळं, पण आतली टक्कर झालेलीच नसते. वाचनापूर्वी प्रास्ताविकात सांगितलंस तरी तेच होईल. आपल्या प्रेक्षकाला शिमगा आठवावा लागत नाही, तो त्याच्या अंगात असतो. तिकडच्याला तो आधी आठवावा लागतो, आणि तोवर नट पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

शब्दांच्या कोटीचंही असंच आहे. नाटकातली ओळ घेत नाही, मीच एक रचून दाखवते. संशयी नवरा बायकोला दरडावून विचारतो, “तो तुझा कोण लागतो?” ती म्हणते, “माझा कुणी लागत नाही, नुसता मागं लागतो!” आता याचं इंग्रजी कर. पहिल्या वाक्यात नातं आहे, दुसऱ्यात पिच्छा. इंग्रजीत दोन्हींना वेगळी क्रियापदं येतात आणि उरते एक साधी तक्रार, की नात्याचा नाही पण त्रास देतो. अर्थ शंभर टक्के आला, विनोद शून्य. आपलं ‘लागणं’ अजब आहे. भूक लागते, ठेच लागते, कडी लागते, वेळ लागतो, लळा लागतो, आणि माणूस माणसाचा कुणीतरी लागतो. इतक्या वाटा एका क्रियापदात येऊन मिळतात, म्हणून त्या चौकात कोटी करणारा उभा राहतो. दुसऱ्या भाषेत त्याच वाटा मिळतात, पण वेगळ्या चौकात.

म्हणून कधीकधी नवा चौक शोधता येतो. मी विचार करत बसले तेव्हा मला इंग्रजीतला ‘अटॅच्ड’ आठवला. “आर यू अटॅच्ड टु हिम?” “नो, ही इज अटॅच्ड टु मी.” याला हशा येईल, कारण इथं एकच शब्द दोन बाजूंनी वापरला आहे. पण काय गेलं तेही बघ. मराठी नवऱ्याचा प्रश्न नात्याचा आहे. परका पुरुष दिसला की ‘कोण लागतो?’ हे सगळं घर विचारतं, त्याला पोलिसी तपासणीचा वास आहे. इंग्रजीतला प्रश्न फक्त प्रेमाचा झाला. हसू वाचलं, घर गेलं.

तिसरी जागा म्हणजे संबोधनं. त्या काळच्या नाटकांतली घरंदाज बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तो समोर असला तरी “इकडून येणं केव्हा झालं?” असं विचारते. वाक्यात कर्ता नाहीच, नुसती दिशा. हीच बाई संशयानं पेटते आणि ‘इकडून’ सोडून ‘तुम्ही’वर येते, तेव्हा एक शब्दही वाईट न बोलता तिनं नवऱ्याला पाटावरून खाली ओढलेलं असतं. तुझ्या मजकुरात या सगळ्याला एकच ‘यू’ आहे आणि त्याला इलाज नाही. तिथं नटीला सांग, की आवाज आणि अंतर बदल. शब्दाचं काम तिच्या पावलांनी करावं लागेल.

म्हणजे सगळंच बुडतं असंही नाही. किती बुडेल ते समोरच्या भाषेवर ठरतं. हेच नाटक तू कन्नडमध्ये नेलंस तर नावांचा खेळ टिकेल, कारण महिने आणि नक्षत्रं तीच आहेत. शिमग्याची बोंब आणि ‘भादव्या’तला चावटपणा मात्र तिथंही पातळ होईल. इंग्रजीत पंचांगच नाही, म्हणून तिथं पहिल्या पानापासून तोटा सुरू होतो.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडं येते. फाल्गुनरावांना ‘मिस्टर मार्च’ करू का, असं विचारलंस. कल्पना चांगली आहे. इंग्रजीत मार्चमधल्या सशाला वेडा म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या नावातून थोडं वेड ऐकू येईल. पण मग कृत्तिकेला तारा म्हणून ‘स्टेला’ करावं लागेल, भादव्याला सप्टेंबर म्हणता येणार नाही, आणि सगळ्यांची नावं बदलल्यावर ही माणसं महाराष्ट्रातल्या रस्त्यावर राहणार नाहीत. मग पगडी, नायकिणीचं घर, तिथली उठबस, सगळंच हलवावं लागेल.

देवलांनी नेमकं हेच केलं होतं. मर्फीचं इंग्लंड त्यांनी हलवलं, सर जॉनला निरोप दिला आणि आपल्या प्रेक्षकाच्या भिंतीवरच्या पंचांगातून नवा माणूस उभा केला. त्याला रूपांतर म्हणतात. तू करते आहेस ते भाषांतर आहे, आणि तुला देवलांचं नाटक तिकडं दाखवायचं आहे, देवलांसारखं नवं नाटक लिहायचं नाही. तेव्हा नावं तशीच राहू दे. टिपा प्रयोगाच्या प्रतीतून काढून टाक, छापील प्रतीत ठेव. शब्दांच्या कोट्या एकेक करून मोठ्यानं वाचून बघ. जिथं ‘अटॅच्ड’सारखा चौक सापडेल तिथं नवी कोटी कर, मग ती मूळ जागेपेक्षा दोन वाक्यं अलीकडं-पलीकडं पडली तरी चालेल. जिथं सापडणार नाही तिथं साधं, वेगवान वाक्य ठेव आणि तसबिरीला पुढं येऊ दे. सर्वांत वाईट म्हणजे अर्धवट कोटी. तिथं नट थांबतो, प्रेक्षक हसत नाही, आणि पुढचा चांगला प्रसंगही त्या शांततेत बुडतो. तुझ्या खुणांच्या प्रतीत अशा चार जागा मला दिसल्या, त्यांवर पेन्सिलनं गोल केले आहेत.

आज इथं रंगपंचमी आहे. सकाळपासून गल्लीत पोरांचा दंगा चालू आहे आणि समोरच्या घरात पाण्यावरून नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं. शेजारच्या आजी दारातून नुसत्या म्हणाल्या, “आला हो फाल्गुन!” आणि अख्खी गल्ली हसली. हे वाक्य तुझ्या इंग्रजीत कसं करशील, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
आत्या