फोन पडला आणि चार्जिंग बंद झालं : पैसे मोजण्याआधी एवढं बघा

आज पिकाचं नाही, फोनचं लिहितोय. ई-पीक पाहणीचा फोटो, बँकेचा ओटीपी, आडत्याचा भाव, सगळं आता त्या डबीतच असतं. ती बंद पडली की कामं अडतात.

गेल्या आठवड्यात ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला वाकलो आणि खिशातला फोन आधी सिमेंटच्या कठड्यावर, मग मातीत पडला. काच शाबूत, फोन चालू. रात्री पिन लावली तर चार्जिंगचं चिन्ह येईना. बॅटरी ३४ टक्के उरलेली. सकाळी तालुक्याला गेलो तर दुकानदाराने फोन न उघडताच सांगितलं, "जॅक गेला, नऊशे रुपये." म्हटलं, उद्या येतो.

घरी आल्यावर पहिलं काम, होती त्या बॅटरीवर सातबाऱ्याचे, पीकविम्याच्या पावतीचे फोटो पोराच्या फोनवर पाठवून दिले. बॅटरी पार उतरली की आतलं काही काढता येत नाही, म्हणून हे आधी.

मग वायर. माझी वायर आणि चार्जर घरच्यांच्या फोनला लावला, तो चार्ज झाला. म्हणजे ते दोन्ही ठीक. तरी पोराचा चार्जरही माझ्या फोनला लावून पाहिला, फरक नाही. फोन वायरीसकट पडला असेल तर वायरीचं टोक आधी तपासा, ते वाकलेलं असतं आणि नवीन वायरीवर काम भागतं. एकदा फोन बंद करून चालू करणं पण फुकटच आहे, तेही केलं.

आता भोक. बॅटरीचा उजेड आत मारून बघा. आपल्या खिशात माती, कापसाचे तंतू, भुसा कायम असतो, तो आत जाऊन दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तीच पिन दुसऱ्या फोनमध्ये लावा आणि बाहेर किती लोखंड दिसतं ते ताडून बघा. माझ्या फोनला दीड-दोन मिलीमीटर जास्त दिसत होतं. फोन बंद केला, दात कोरायची लाकडी काडी तासून बारीक केली आणि कडेकडेने उकरलं. मातीचा चांगला गोळा निघाला. सुई किंवा टाचणी घालू नका. सी टाईपच्या भोकात मधोमध जिभेसारखी पट्टी असते, चार्जिंगचे बारीक पत्रे तिच्यावरच असतात. ते वाकले तर मग खरंच जॅक बदलावा लागतो. फुंकरही नको, तोंडाची वाफ आत जाते.

पिन आता टक् करून बसली, पण चार्जिंग नाहीच. पिन उलटी करून लावली, तरी नाही. एका बाजूने चार्ज होऊन दुसऱ्या बाजूने होत नसेल, किंवा पिन हलवल्यावर चालू-बंद होत असेल, तर दोष बहुधा जॅकमध्येच. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

खरा धागा दुसरीकडेच सापडला. आडत्याला फोन लावला तर तो नुसता "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्याला माझा आवाज जात नव्हता, मला त्याचा येत होता. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगचा जॅक आणि बोलायचा माईक खालच्या एकाच छोट्या बोर्डावर असतात, आणि तो बोर्ड एका चपट्या पट्टीने वरच्या मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. पट्टी नुसती बटणासारखी दाबून बसवलेली असते, आपटल्यावर निसटू शकते. दोन्ही गोष्टी एकदम गेल्या म्हणजे एकट्या जॅकवर संशय कशाला?

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदाराला सांगितलं, "वायर, चार्जर तपासलाय, भोक साफ आहे, माईकही गेलाय. उघडून आधी पट्टी बघा." त्याने माझ्यासमोर उघडला. पट्टीचं एक टोक वर आलेलं होतं. दाबून बसवलं, लगेच चार्जिंग सुरू. दीडशे रुपये घेतले, आणि ते रास्तच होते, उघडायचं काम नाजूक असतं. पट्टी फाटली असती तर ती बदलावी लागली असती, आणि बोर्डच गेला असता तर खर्च आणखी वाढला असता.

एक मात्र, पडल्यानंतर मागचं झाकण फुगून वर आलं असेल किंवा फोन नुसता ठेवूनही तापत असेल, तर यातलं काहीच करत बसू नका. बॅटरीला मार लागलेला असतो, ती पेट घेऊ शकते. चार्जिंगला लावायचा नाही, फोन बंद करून सरळ दुकानात न्यायचा.

आणि एकदा उघडलेल्या फोनचा पाण्यापासून बचाव करणारा डिंक सुटतो. दुकानदाराने तो नव्याने लावला का ते विचारा. माझ्याने लावला नाही, म्हणून आता फवारणीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो.