तीन ओळींत होरी

नोंदवहीतल्या तीन ओळींत तीन वाक्यं बसतात. चौथं बसवायचं तर अक्षर बारीक करावं लागतं, आणि बारीक करूनही त्या मुलाचं बोलणं मावत नाही. त्याच्या तोंडीकामाचं रेकॉर्डिंग दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. पहिल्यांदा ऐकून मी वहीत लिहिलं होतं : 'होळीविषयी माहिती सांगितली. उच्चार अस्पष्ट.' दुसऱ्यांदा ऐकताना कळलं, तो होळी म्हणतच नव्हता. होरी म्हणत होता. होडी.

पनवेलच्या खाडीकाठच्या घरांत होडीची होरी होते, गाडीची गारी होते, गोळीची गोली. इतकी वर्षं इथे शिकवूनही मोबाइलमधून आलेला तो शब्द मी माझ्याच कानाने ऐकला. अस्पष्ट काही असेल तर ते माझं ऐकणं होतं, त्याचा उच्चार नव्हे.

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. दुसरीच्या वर्गाला त्यात आकारिक मूल्यमापनाचे 70 गुण आणि संकलितचे 30. तोंडीकाम आकारिकमध्ये येतं आणि गुणांशेजारी वर्णनात्मक नोंदी लागतात : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. 'आत्मविश्वासाने बोलतो', 'आपले विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो' ही तयार वाक्यं आम्हा सगळ्यांच्या हाताला सवयीची आहेत. ती खोटी नसतात. पण मुलाचं नाव बदललं तरी वाक्य तसंच चालतं, आणि तिथेच मी अडते.

एका रेकॉर्डिंगवरून मुलाची नोंद करायची, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. माझी आजी ती परीक्षा रोज करायची. झाकण काढून डावाने मधलं शीत उचलायची, वरचं कधीच नाही. वरच्याला वाफ लागलेली असते, तळचं आधीच मऊ झालेलं असतं. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये शीत दाबायची. मध्ये पांढरा कण दिसला तर झाकण परत. कण नसला तरी लगेच उतरवायची नाही. तांदूळ नवा की जुना ते आधी आठवायची. नव्याला पाणी कमी लागतं, तो पटकन चिकट होतो. जुना जास्त पाणी पितो आणि मोकळा फुलतो. एकदा डब्यातला उरलेला जुना तांदूळ नव्यात मिसळला गेला. त्या दिवशी आजीने चार शितं दाबली आणि चारही वेगळी निघाली. निम्मा भात गिचका, निम्मा कच्चा. म्हणजे ही म्हण सगळा भात एका तांदळाचा, एका पाण्यातला असेल तेव्हाच खरी. हे आजीला माहीत होतं; म्हण वापरताना मला ते आठवत नाही.

त्या मुलाच्या बोलण्यातही दोन तांदूळ आहेत. वस्तू दाखवायची होती म्हणून त्याने जाळ्याला बांधतात ती शिशाची गोळी आणली होती. तिच्याबद्दल तो भराभर बोलतो : जड असते, जाळं खाली नेते, आजाने दिली. नऊ वेळा 'मंग' येतो आणि प्रत्येक 'मंग'नंतर खरोखरच पुढची गोष्ट येते, क्रम कुठे चुकत नाही. एकदा 'काकाने' म्हणून तो स्वतःच थांबतो, 'नाय, आजाने' अशी दुरुस्ती करतो. दुसरीतल्या मुलाने बोलताबोलता स्वतःला सुधारणं ही लिहिण्यासारखी प्रगती आहे. म्हणून आता पहिलं वाक्य असं केलं : 'जाळ्याची गोळी दाखवून आजोबांच्या होडीची हकिकत क्रमाने सांगतो; चूक झाल्यास स्वतः सुधारतो.'

दुसऱ्या वाक्यात 'घरच्या बोलीत सांगतो' लिहावं असं वाटतं. पण ते कोणत्या रकान्यात? 'सुधारणा आवश्यक'मध्ये गेलं तर आजाचा शब्द दोष ठरतो. 'विशेष प्रगती'त घातलं तर पुढच्या वर्गाच्या बाई म्हणतील, यात प्रगती काय? आणि नोंदीत मी 'होडी' लिहिलं की 'होरी' जातेच. अवतरणचिन्हात 'होरी' ठेवून पाहिलं, तर तो शब्द दाखवायला आणल्यासारखा दिसला.

मग तो दुसरा तांदूळ. 'होरी व्हती. आता नाय. गोली ऱ्हायली.' एवढं म्हणून तो गप्प होतो, अकरा सेकंद. मागे वर्गाचा गलका, कुणाचा तरी डबा पडल्याचा आवाज. नंतर पुन्हा 'मंग', आणि गोष्ट भलत्याच ठिकाणी, मावशीच्या घरी जाऊन पोचते. 'मध्ये अडखळतो' लिहिलं तर नोंद नियमाला धरून होईल. पण अडखळणं म्हणजे शब्द न सापडणं, आणि इथे शब्द सापडत नव्हता की सांगायचा नव्हता, हे आवाजावरून कळत नाही. खाडीकाठची गावं विमानतळासाठी उठली, त्या घरांपैकी याचं घर आहे का, तेही मला विचारावं लागेल. विचारलं तर मी त्याच्या तोंडीकामाची नोंद करते आहे की दुसरंच काही?

त्या अकरा सेकंदांत तो कुठे बघत होता, हे सांगणारी एकच व्यक्ती होती. ती मी. आणि मी मोबाइलच्या पडद्यावर पुढे सरकणारे सेकंद पाहत होते.

दुसरं वाक्य अजून पेन्सिलनेच लिहिलेलं आहे.